सरकार रांगेत पुढे उभे राहते तेव्हा

८ मे २०२० हा शुक्रवार होता. टाळेबंदीचा सातवा आठवडा. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या नव्या कर्जरोख्याचा लिलाव केला आणि व्याजदर ठरला ५.७९ टक्के. बाजार बंद झाल्यावर सरकारने जाहीर केले की वर्षभरात ७.८ लाख कोटी नव्हे, १२ लाख कोटी रुपये कर्ज काढणार. सकाळी रोखे घेतलेल्यांनी कपाळावर हात मारला असणार. सोमवारी बाजार उघडला तो वाढलेल्या परतावा दरानेच.

पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे पुढे काय व्हायला हवे होते ते उघड आहे. सरकार एवढी रक्कम उचलते म्हटल्यावर पैशाची टंचाई होणार, व्याजदर चढणार आणि कारखाने, पूल, हॉटेले बांधू पाहणाऱ्या खासगी माणसाला कर्ज परवडेनासे होणार. याला अर्थतज्ज्ञ ‘क्राउडिंग आउट’ म्हणतात. प्रत्यक्षात घडले उलटेच. वर्ष संपेपर्यंत केंद्राने १३ लाख कोटींहून अधिक कर्ज उचलले, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा बरेच जास्त. आणि त्यावर सरासरी व्याज लागले ५.७९ टक्के, गेल्या दीड दशकातले सर्वांत कमी.

मग सिद्धान्त खोटा? तसे नाही. तो केव्हा लागू पडतो आणि केव्हा पडत नाही, हे आपल्याच देशाच्या गेल्या साडेतीन दशकांत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिसले आहे. त्यासाठी आधी पैसा सरकारकडे जातो कसा, ते पाहायला हवे.

केंद्र सरकारचा मोठा कर्जलिलाव सहसा शुक्रवारी होतो. मुंबईत रिझर्व्ह बँक तो सरकारच्या वतीने चालवते. पूर्वी बंद लिफाफ्यातून चालणारे काम आता ‘ई-कुबेर’ या संगणकीय प्रणालीवर होते. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड सकाळी तासाभरात आपापल्या बोली लावतात: इतके कोटी घेतो, इतका परतावा हवा. सर्वांत कमी परतावा मागणाऱ्यापासून सुरुवात करून रक्कम भरेपर्यंत बोली स्वीकारल्या जातात आणि जिथे हात थांबतो तो ‘कट-ऑफ’ दर. दुपारी निकाल लागतो. बोली फारच महाग असल्या तर रिझर्व्ह बँक त्या नाकारते. मग उरलेले रोखे ‘प्रायमरी डीलर’ नावाच्या संस्थांच्या गळ्यात पडतात, कारण लिलाव पुरा करून देण्याची हमी त्यांनी आधीच, शुल्क घेऊन, दिलेली असते.

हा दर म्हणजे देशातल्या बहुतेक दीर्घ मुदतीच्या कर्जांचा तळ आहे. भारत सरकार रुपयात घेतलेले कर्ज बुडवणार नाही, असे बाजार धरून चालतो. त्यामुळे सरकारला साडेसहा टक्क्यांनी पैसा मिळत असेल तर उत्तम पत असलेल्या कंपनीला सात-सव्वासात मोजावे लागतात, मध्यम पतीच्या कंपनीला नऊ-दहा, आणि ज्याच्याकडे तारण धड नाही त्याला त्याहून जास्त. समजा, एखाद्या उद्योजकाने पन्नास कोटींच्या कारखान्याचा आराखडा केला आणि त्यातून वर्षाला अकरा टक्के सुटतील असा त्याचा हिशेब आहे. कर्ज नऊ टक्क्यांनी मिळाले तर तो जमीन बघायला निघतो. साडेदहाला गेले तर धोका घेण्याजोगे हाती काही उरत नाही, आराखडा कपाटात जातो. तो कारखाना कोणी बंद पाडलेला नसतो, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. या विषयातली खरी अडचण हीच आहे. जे उभेच राहिले नाही ते मोजायचे कसे?

आता पहिली तऱ्हा. हिच्यात व्याजदराला फारसे कामच नव्हते.

१९९१ चा उन्हाळा. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि देशाने सोने गहाण टाकले, ही गोष्ट सर्वांना आठवते. त्याच वेळी बँकांच्या ताळेबंदात काय चालले होते, ते फारसे कोणी सांगत नाही. बँकेत शंभर रुपयांची नवी ठेव आली की त्यातले पंधरा रुपये रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. हा ‘सीआरआर’. साडेअडतीस रुपये सरकारी आणि सरकारमान्य रोख्यांत गुंतवणे बंधनकारक होते, तो ‘एसएलआर’. त्या वर्षी मे महिन्यापासून नव्या ठेवींवर आणखी दहा टक्के जादा राखीव निधी लावला गेला. म्हणजे शंभरातले साडेत्रेसष्ट रुपये गेले. उरल्या साडेछत्तीसपैकी चाळीस टक्के, म्हणजे सुमारे साडेचौदा रुपये, शेती आणि लघुउद्योगांसारख्या अग्रक्रम क्षेत्रांना देणे भाग. बाकी सगळ्या उद्योग-व्यापारासाठी शंभरातले बावीस रुपये.

एसएलआरची मूळ कल्पना बँकेच्या सुरक्षिततेची होती. ठेवीदार अचानक दारात आले तर चटकन विकता येईल असे काहीतरी बँकेजवळ असावे. पण १९७० नंतर सरकारची तूट वाढत गेली तसा हा आकडाही पंचविशीतून वर वर सरकत गेला. सरकारला त्यातून दोन फायदे होते. गिऱ्हाईक कायद्याने बांधलेले, आणि दर आपणच ठरवायचा. १९९० च्या आसपासही सरकारी रोख्यांवरचे जास्तीत जास्त व्याज साडेअकरा टक्के होते, तेही वीस वर्षांच्या मुदतीला. बँका आपला तोटा भरून काढणार कुठून? त्या उरलेल्या बावीस रुपयांतून. म्हणून मोठ्या उद्योगांना कर्जावर सोळा-सतरा टक्के आणि पुढे त्याहूनही जास्त व्याज पडू लागले.

इथे सरकारी कर्जाचा दर भडकलेला कुठेच दिसत नाही, कारण तो बांधून ठेवलेला होता. व्याजदराचा आलेख पाहून कोणी म्हटले असते की सरकारच्या उधारीचा कोणाला त्रास नाही, तर ते आलेखापुरते खरेच ठरले असते. गर्दी दरात नव्हती, रांगेत होती. ज्याच्यापर्यंत आपली पाळी आलीच नाही, त्याला दर किती होता याच्याशी काय कर्तव्य?

एवढे करूनही सरकारचे भागत नसे. मग रिझर्व्ह बँकेला ४.६ टक्के व्याजाची ‘ॲड हॉक’ हुंडी द्यायची आणि नवा पैसा घ्यायचा, असा शिरस्ता होता. थोडक्यात, नोटा छापणे. त्याची किंमत महागाईच्या रूपाने सगळेच मोजत. सप्टेंबर १९९४ मध्ये अर्थमंत्री मनमोहन सिंग आणि गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या काळात सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला. या हुंड्यांवर मर्यादा आली आणि एप्रिल १९९७ पासून त्या बंदच झाल्या. नरसिंहम समितीच्या शिफारशीनुसार एसएलआरही टप्प्याटप्प्याने उतरत ऑक्टोबर १९९७ मध्ये २५ टक्क्यांवर आला. रोख्यांचे लिलाव जून १९९२ पासून सुरू झाले होते. आता सरकारला बाजारात बाजारभावानेच पैसा उचलणे भाग होते.

या सुधारणेतूनच दुसरी तऱ्हा उद्भवली, आणि माझ्या मते पुस्तकातले क्राउडिंग आउट भारतात सर्वांत स्वच्छ दिसले ते तेव्हाच. १९९५-९६ साली उद्योग जोरात होते. परवाना राज नुकतेच सरले होते, पोलाद, सिमेंट, वस्त्रोद्योग सगळेच क्षमता वाढवायला निघाले होते. औद्योगिक उत्पादन त्या वर्षी सुमारे १३ टक्क्यांनी वाढले. त्याच वेळी सरकारलाही मोठे कर्ज हवे होते, आणि महागाई आवरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने पैशाचा नळ आवळला होता. तिघांचे एकाच वेळी जुळून आले. सरकारचा दहा वर्षांचा रोखा १४ टक्के व्याजाने विकावा लागला.

बँकेच्या कर्ज विभागात बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका बाजूला बुडण्याची शक्यता नसलेले सरकार १४ टक्के देते आहे. दुसऱ्या बाजूला कारखानदार १७ टक्के देईन म्हणतो, पण त्याच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करायचे, तारण तपासायचे, आणि कर्ज थकले तर चौकशीला स्वतः सामोरे जायचे. त्या वाढीव तीन टक्क्यांसाठी ही दगदग कोण करील? एसएलआरची सक्ती उतरत होती, तरी बँका किमान मर्यादेपेक्षा जास्त रोखे स्वखुशीने धरून बसल्या. पुढच्याच वर्षी औद्योगिक वाढ साधारण सहा टक्क्यांवर घसरली. सगळा दोष सरकारी उधारीवर टाकणे अन्यायाचे होईल. राजकीय अस्थिरता होती, काही कंपन्यांनी झेपणार नाही एवढे हातपाय पसरले होते. पण सोळा-सतरा टक्क्यांच्या कर्जावर उभे राहिलेले कितीतरी प्रकल्प नंतर वित्तसंस्थांच्या बुडीत खात्यात गेले, त्यात या दराचा वाटा होताच.

हे लक्षात घेऊन २०२० कडे परत वळू. तिसरी तऱ्हा.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशातल्या कारखान्यांच्या क्षमतेचा वापर, रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार, ४७.३ टक्के होता. निम्मी यंत्रे बंद. अशा वेळी नवे यंत्र घ्यायला कर्ज मागणारा शहाणा कोण? उलट ज्यांना शक्य होते ते कर्ज फेडत होते. रिलायन्सने तर भागभांडवल विकून जून २०२० मध्ये आपण निव्वळ कर्जमुक्त झाल्याचे जाहीर केले. घरी अडकलेल्या नोकरदारांचा खर्च थांबला होता आणि अनिश्चिततेमुळे जमेल ते बाजूला टाकले जात होते. त्या वर्षी बँकांच्या ठेवी ११ टक्क्यांहून अधिक वाढल्या, कर्जे जेमतेम साडेपाच टक्क्यांनी. बँका कित्येक लाख कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडेच ३.३५ टक्क्यांनी ठेवून स्वस्थ होत्या. त्यांच्या दृष्टीने सरकारचा ५.८ टक्क्यांचा रोखा ही चैनच होती. रांगेत सरकारखेरीज कोणी नव्हतेच, तर सरकारने कोणाला ढकलले?

इथून एक साधी कसोटी हाती येते. खासगी गुंतवणूक घटलेली दिसली की लगेच सरकारी कर्जाकडे बोट दाखवले जाते. पण गुंतवणूक आणि व्याजदर दोन्ही घसरत असतील तर अडचण पैशाची नसते, मागणीची असते. व्याजदर चढताहेत आणि खासगी कर्ज घटते आहे, असे दिसले तर संशयाला जागा आहे. त्यातही दर कशाने चढले ते पाहावे लागते. रिझर्व्ह बँकेने महागाईसाठी रेपो दर वाढवला तर अल्प मुदतीचे दर आधी हलतात. रेपो स्थिर असताना दहा-पंधरा वर्षांच्या रोख्यांचाच परतावा चढू लागला, तर तिथे सरकारी उधारीचे वजन जाणवते.

तसा एक क्षण १ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसला. अर्थसंकल्पाच्या भाषणात निर्मला सीतारामन यांनी सांगितले की उरलेल्या दोन महिन्यांत सरकार आणखी ८० हजार कोटी उचलेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा १२ लाख कोटी. रेपो दर चार टक्क्यांवर होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. तरी दहा वर्षांचा परतावा दर त्याच दिवशी सहा टक्क्यांच्या पार गेला. पुढच्या आठवड्यांत काही लिलावांत बोली महाग आल्या आणि रोखे प्रायमरी डीलरांच्या अंगावर टाकावे लागले. रिझर्व्ह बँक सहा टक्के ही रेघ ओलांडू द्यायला तयार नव्हती, बाजार त्या दराने घ्यायला तयार नव्हता. काही आठवडे ही रस्सीखेच चालू होती.

जिंकली रिझर्व्ह बँक, कारण तिच्याकडे असे साधन आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही. २००६ पासून तिला सरकारचे रोखे लिलावात थेट घेता येत नाहीत, पण बाजारातून जुने रोखे विकत घ्यायला आडकाठी नाही. २०२०-२१ मध्ये तिने निव्वळ तीन लाख कोटींहून अधिक किमतीचे रोखे असे घेतले. एप्रिल २०२१ पासून तर तिमाहीत एक लाख कोटींचे घेऊ, असे आधीच सांगून टाकले. विकणाऱ्या बँकांच्या खात्यात तेवढा नवा पैसा आला आणि तोच पुढच्या शुक्रवारी सरकारकडे गेला.

मग हे सगळे फुकटात झाले का? माझे मत, नाही. त्या वर्षी किरकोळ महागाई सरासरी सहा टक्क्यांच्या वर होती आणि मोठ्या बँकांत वर्षभराच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. निवृत्तीची पुंजी बँकेत ठेवून व्याजावर घर चालवणाऱ्या माणसाची रक्कम वर्षाला टक्काभर झिजत होती. उद्योजक बाहेर ढकलला गेला नाही हे खरे. पण सरकारला स्वस्तात कर्ज मिळाले त्याचे बिल ठेवीदाराने भरले.

ठेवीदाराला आणखी एक दार उघडे असते, पोस्टाचे. पीपीएफ, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, ज्येष्ठ नागरिक योजना ही आपण बचत म्हणतो, पण तेही सरकारने घेतलेले कर्जच आहे, आणि त्याचा दर लिलावात ठरत नाही, दिल्लीत ठरतो. त्या वर्षी बाजारात सहा टक्क्यांनी पैसा मिळत असताना सरकार पीपीएफवर ७.१ टक्के देत होते. नियमाप्रमाणे हे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडलेले असायला हवेत. ३१ मार्च २०२१ रोजी रात्री तसे करण्याचा प्रयत्न झाला. पीपीएफ ६.४ टक्के, ज्येष्ठ नागरिक योजना ७.४ वरून ६.५ टक्के. १ एप्रिलच्या सकाळी अर्थमंत्र्यांनी ट्वीट करून आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगितले आणि तो मागे घेतला. पश्चिम बंगालमध्ये मतदान चालू होते. या प्रसंगावर विनोद पुष्कळ झाले, पण त्यातले अर्थशास्त्र बाजूला राहिले. पोस्ट ७ टक्के देत असेल तर बँकेला ठेवींचा दर फार खाली नेता येत नाही, आणि ठेव महाग असली की कर्ज स्वस्त होत नाही. बाजारातल्या रोख्यांपेक्षा हा मार्ग कमी दिसतो, पण सामान्य कर्जदारापर्यंत सरकारी उधारीचा दाब पोचतो तो बराचसा या वाटेने. ही दरकपात करावी असे म्हणणाऱ्याला मते मिळत नाहीत, हेही तितकेच खरे.

गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यांना हे सगळे दूरचे वाटेल. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे आणि लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत, म्हणून शुक्रवारच्या लिलावाने त्यांचा हप्ता हलत नाही. हलतो तो दीर्घ मुदतीचे भांडवल उभारणाऱ्यांचा खर्च: वीज, रस्ते, बंदरे, कारखाने.

टाळेबंदी सरल्यावर चित्र पालटले. २०२२-२३ मध्ये बँकांची कर्जे १५ टक्क्यांनी वाढली, ठेवी मात्र दहाच्या आसपास. रिझर्व्ह बँकेने रोखे घेणे थांबवले होते आणि रेपो चारवरून साडेसहावर नेला. केंद्र आणि राज्ये मिळून देशाच्या उत्पन्नाच्या साधारण नऊ टक्के इतकी तूट भरून काढत होती, तर कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे त्यांनी घेतलेली कर्जे वजा जाता, पाच टक्क्यांच्या आसपास उतरली होती. घराघरांतून येणारा सगळा पैसा सरकारांनी घेतला तरी पुरणार नाही, अशी अवस्था. उरलेली जागा कंपन्यांच्या स्वतःच्या नफ्याने आणि परदेशी पैशाने भरली. दर १९९५ सारखे भडकले नाहीत याचे मोठे कारण कंपन्यांनी आधीच्या वर्षांत कर्जे फेडून टाकली होती आणि त्या फार मागायला आल्याच नाहीत. उद्या त्या खरोखरच मोठे कारखाने काढायला निघाल्या तर हीच नऊ टक्क्यांची तूट वेगळी वागेल.

आणि तेव्हा सगळ्यांना सारखा धक्का बसणार नाही. बड्या कंपनीला परदेशी कर्जाची वाट असते, शेअर विकता येतात, नफा साठवलेला असतो. चाकण किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या, शंभर-दीडशे कामगार असलेल्या मध्यम कारखान्याला बँकेशिवाय दुसरे दार नाही. त्याच्याबाबतीत दर वाढतोच असेही नाही. कधी मर्यादा वाढवून मिळत नाही, कधी तारण जास्त मागितले जाते, कधी फाइल पुढच्या तिमाहीवर जाते.

मध्यम कंपन्यांच्या वित्त विभागातले जाणकार शुक्रवारइतकेच मंगळवारकडेही लक्ष ठेवतात. मंगळवारी राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव असतो आणि महाराष्ट्र त्यातला एक मोठा ऋणको आहे. राज्ये वर्षाचे बरेचसे कर्ज जानेवारी ते मार्चमध्ये उचलतात. त्या तीन महिन्यांचे अंदाजपत्रक रिझर्व्ह बँक डिसेंबरअखेरीस प्रसिद्ध करते. ते हाती आले की ज्याला दीर्घ मुदतीचा पैसा उभारायचा आहे तो राज्यांच्या आणि केंद्राच्या रोख्यांच्या दरातले अंतर रोज पाहू लागतो. एरवी अर्ध्या टक्क्याच्या आत असणारे ते अंतर फेब्रुवारीत रुंदावू लागले तर कागदपत्रे तयार असूनही तो एप्रिलपर्यंत थांबतो.